एका गोणीचा हिशेब: दीर्घ मोहिमेसाठी काल्पनिक जगातला व्यापारमार्ग कसा उभारावा

दादरच्या एका घरात दर रविवारी भूमिका-खेळ खेळायला जमणाऱ्या आमच्या गटासाठी मी पहिल्यांदा दीर्घ मोहीम, म्हणजे अनेक बैठकींत चालणारी एकच कथा, रचायला घेतली, तेव्हा बारा राज्यांचा नकाशा काढला आणि प्रत्येक राज्यात काय पिकते, काय खणले जाते आणि काय विणले जाते याची लांबलचक यादी केली. तिसऱ्याच बैठकीत एका खेळाडूने विचारले, "इथलं मीठ राजधानीत नेऊन विकलं, तर काय सुटेल?" माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. यादीत मीठ होते, राजधानीही होती, पण या दोघांच्या मध्ये किती दिवसांची वाट आहे, ती कोण चालतो आणि चालण्याचे किती पैसे घेतो, हे मी कुठेच लिहिले नव्हते. त्या प्रश्नानंतर मी बारा राज्ये बाजूला ठेवली आणि एकच वाट नीट मांडली. पुढची मोहीम त्या एका वाटेवर दोन वर्षे चालली. ती वाट ज्या क्रमाने मांडली, त्याच क्रमाने येथे सांगतो. आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीतील नाण्यांचे आणि भावांचे आहेत, परंतु पद्धत कोणत्याही नियमावलीला लागू पडेल.

आधी वाट, मग बाजार

पाचव्या आवृत्तीच्या नियमांत व्यापारी मालाचा एक छोटा तक्ता आहे. एक पौंड गहू एका तांब्याच्या नाण्याला मिळतो, एक पौंड मीठ पाच तांब्याला आणि एक पौंड मिरी दोन सोन्याच्या नाण्यांना. एका सोन्याची शंभर तांबी होतात. हा तक्ता दुकानात खरेदी करण्यापुरता ठीक आहे, परंतु तोच भाव सगळ्या जगाचा आहे असे मानले, तर त्या जगात व्यापार होऊच शकत नाही, कारण बंदरात आणि राजधानीत मीठ एकाच भावाने मिळत असेल, तर ते दहा दिवस वाहून नेण्याचे कष्ट कोणी घेणार नाही. भाव वस्तूला नसतो, ठिकाणावरच्या वस्तूला असतो. म्हणून पहिले काम म्हणजे दोन टोके आणि त्यांना जोडणारी एक वाट निवडणे, आणि तक्त्यातील भाव त्यांपैकी नेमका कोणत्या टोकाचा आहे हे ठरवणे.

वाट कुठून घ्यावी यासाठी मुंबईच्या सूत्रधाराला, म्हणजे खेळाचे जग रचून चालवणाऱ्याला, दूर जावे लागत नाही. कल्याणच्या खाडीतून माल वर यायचा, पुढे नाणेघाट चढून जुन्नरला आणि तिथून पैठणकडे जायचा. घाटातल्या लेण्यात सातवाहनांचा शिलालेख आहे, आणि माथ्यावर एक दगडी रांजण आहे, जो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे परंपरेने सांगितले जाते. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक खलाशी-ग्रंथात भडोचपासून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून तेर दहा दिवसांवर असल्याचे लिहिले आहे. अंतर मैलांत नाही, दिवसांत दिले आहे. नकाशावरची अंतरे आपणही तशीच लिहावीत, कारण मजुरी, चारा आणि पावसाळा हे सारे दिवसांतच मोजले जाते.

माझी वाट अशी होती. समुद्रकाठी कांदळबंदर आणि त्याला लागून मिठागरे. तिथून दोन दिवस खाडीतून मचव्याने आत गेले की खाडीचे टोक लागते, आणि तिथे माल बैलांवर चढतो. दोन दिवसांनी घाटाचा पायथा, एका दिवसात रांजणघाटाचा चढ, आणि माथ्यापासून पाच दिवसांवर राजधानी देवनगर. एकूण दहा दिवस. वस्ती कुठे वाढवायची हा निर्णय या मांडणीतूनच होतो. जिथे वाहन बदलते, जिथे थांबून पैसे भरावे लागतात आणि जिथे चढाआधी जनावरे विसावतात, तिथे गाव वसते. १ जुलै २०१७ पूर्वी मुलुंडच्या किंवा दहिसरच्या जकात नाक्यावरून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना ट्रकांच्या रांगेभोवती वाढलेल्या चहाच्या टपऱ्या, गॅरेज आणि कागद भरून देणारे दलाल आठवत असतील. घाटमाथ्यावरचे गाव मी त्या आठवणीवरूनच उभे केले.

एका गोणीची एका दिवसाची मजुरी

सर्व हिशेबाचे माप एकच असावे. मी एका बैलाच्या पाठीवरचा भार हे माप घेतले, २५० पौंड, आणि त्याला गोणी म्हटले. आपल्याकडे लमाणांचे तांडे शेकडो, कधी हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून नेत असत, आणि बैलाचा भार साधारण याच आसपास असे. गाडीही चालेल, परंतु ज्या घाटात गाडीरस्ता नाही तिथे पाठीवरचाच भार खरा. बोरघाटातसुद्धा गाडीरस्ता १८३० साली झाला.

आता एका गोणीला एका दिवसाचा खर्च काढू. नियमांत साध्या मजुराची रोजी दोन चांदी, म्हणजे वीस तांबे आहे. एक माणूस पाच बैल हाकतो असे धरले, तर प्रत्येक गोणीवर चार तांबे येतात. बैल पंधरा सोन्याला मिळतो. तो २४० दिवसांचे तीन हंगाम चालला, तर झिजेचे रोज दोन तांबे. चरायला मिळाले नाही त्या दिवसांचा चारा सरासरीने दोन तांबे. पन्नास बैलांमागे एक हत्यारी रखवालदार ठेवला आणि त्याला कुशल माणसाची दोन सोने रोजी दिली, तर आणखी चार तांबे. एकूण बारा. मोहिमेतला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे, आणि तो पाठच असावा. एक गोणी बैलावरून एक दिवस पुढे गेली की तिच्यावर बारा तांबे चढतात.

मचव्याचे गणित वेगळे येते. पाच खलाशांचा मचवा शंभर गोण्या नेत असेल, तर खलाशांची रोजी एकूण शंभर तांबे, म्हणजे गोणीमागे एकच, आणि मचव्याची झीज धरून दोन. पाण्यावरचा प्रवास सहापट स्वस्त पडला. नियमावलीत नसलेले भूगोलाचे एक मोठे सत्य एवढ्या छोट्या हिशेबातून बाहेर येते, आणि राजधानी डोंगरापलीकडे असूनही बंदर श्रीमंत का, हे खेळाडूंना वेगळे सांगावे लागत नाही.

मिठागरावर मिठाचा भाव पौंडाला एक तांबे ठेवला, म्हणजे गोणी २५० तांब्याला. मचव्याचे चार, बैलांचे आठ दिवसांचे ९६ आणि खाडीच्या टोकावरची हमाली दहा, असा वाहतुकीचा खर्च ११० झाला. घाटातली जकात गोणीमागे ५० धरली. बेरीज ४१०. त्यावर व्यापाऱ्याचा दहावा हिस्सा मिळवला की देवनगरात मिठाची गोणी साधारण ४५० तांब्याला विकली गेली पाहिजे.

आमच्यातला एक जण वाशीच्या बाजारात आडत दुकान सांभाळतो. हा हिशेब त्याला दाखवला, तेव्हा त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, परतीला बैल रिकामे येतात का?" माझ्या लक्षातच हे आले नव्हते. बैल रिकामे परतत असतील, तर परतीचे आठ दिवसही मिठाच्याच अंगावर पडतात आणि बैलांचा खर्च दुप्पट होतो. म्हणून प्रत्येक वाटेला परतीचा माल हवाच. मी परतीला गहू ठेवला. देवनगरात गोणी २५० तांब्याला, खाली येईपर्यंत ११० वाहतूक, २५ जकात आणि व्यापाऱ्याचा हिस्सा मिळून बंदरात सुमारे ४२५. बंदर डोंगरावरच्या गव्हावर जगते आणि डोंगर बंदराच्या मिठावर, हे नाते त्याच्या त्या एका प्रश्नातून जुळले.

हिशेब न लागणारा फरक

आता पुन्हा तक्त्याकडे येऊ. नियमांतला पाच तांब्यांचा भाव मी देवनगरातील भाव मानला. त्याप्रमाणे गोणी १२५० तांब्यांना जाते. आपल्या हिशेबाने ती ४५० ला परवडते. मधले ८०० तांबे कुठे गेले?

येथे सूत्रधाराने आकडा दुरुस्त करण्याची घाई करू नये. एवढा फरक मोकळा पडला असता, तर कोणीतरी वर्षभरात आणखी बैल लावून भाव खाली आणला असता. तसे झालेले नाही, याचा अर्थ कोणीतरी इतरांना ती वाट वापरू देत नाही. तो राजा असेल, मक्तेदार असेल, घाट अडवून बसलेला सरदार असेल किंवा एखाद्या देवस्थानाची सनद असेल. ज्या फरकाचा हिशेब लागत नाही, तिथे मोहिमेतला प्रतिपक्ष बसलेला असतो. याच कारणाने खलनायक आधी ठरवून त्याला पैसे मागाहून चिकटवण्यापेक्षा फरकातून खलनायक शोधणे मला अधिक खरे वाटते, कारण त्याला काय हवे आहे आणि तो कशाला घाबरतो, हे आपोआप ठरलेले असते.

'पेरिप्लस'मध्येच याचे उत्तम उदाहरण आहे. कल्याण पूर्वी रीतसर व्यापारी बंदर होते, पण ते संदन नावाच्या सत्ताधाऱ्याच्या ताब्यात गेल्यापासून तिथला व्यापार अडवला गेला, आणि तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याचा धोका असे, असे तो ग्रंथ सांगतो. बंदर तेच, माल तोच, आणि एका सत्ताबदलाने वाट फिरली. कोणत्याही सूत्रधाराने त्यावर सहा बैठका सहज चालवाव्यात.

माझ्या जगात मिठाचा मक्ता एका घराण्याकडे होता. त्याची मिळकत किती, हे पाहण्यासाठी खप काढावा लागतो. माणशी वर्षाला दहा पौंड मीठ धरले, ज्यात लोणची, खारवलेले मासे आणि गुरांचे मीठ आले, तर एक गोणी पंचवीस माणसांना पुरते. देवनगर आणि भोवतालची खेडी मिळून साठ हजार माणसे, म्हणजे वर्षाला २४०० गोण्या. प्रत्येक गोणीमागे आठ सोने, तर मक्तेदाराकडे वर्षाला १९,२०० सोने येतात. ही रक्कम मोठी वाटते, परंतु एका कुशल शिपायाला वर्षभर ठेवायचे तर ७३० सोने लागतात. सगळी मिळकत शिपायांवर घातली तरी तो सव्वीस माणसे ठेवू शकतो. मी त्याला सुरुवातीला दोनशे स्वार दिले होते. हिशेब केल्यावर ते काढून घेतले आणि त्याऐवजी दरबारात त्याचा एक आश्रयदाता ठेवला, ज्याला तो निम्मी मिळकत पोहोचवतो. खेळाडूंनी बारा शिपाई पाडले की मक्तेदाराचा जवळजवळ सगळाच बळसाठा गेला, हे आता मला ठाऊक होते, आणि म्हणून तो पुढे कसा वागेल हेही.

किती खेपा होतात

वाट बंद पडली तर काय होईल, हा प्रश्न प्रत्येक मोहिमेत येतो, आणि बहुतेक जण त्याचे उत्तर भाव वाढवून देतात. तेवढे पुरत नाही. रांजणघाट दरडीने बंद झाला असे समजू. दुसरा घाट लांब आहे, आणि बैलांचे आठ दिवस चौदा होतात. सहा दिवस जास्त म्हणजे गोणीमागे ७२ तांबे, पौंडाला तांब्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. एवढ्याने देवनगरात कोणी ओरडणार नाही.

खरा फटका खेपांना बसतो. बैलाची जाऊन येऊन सोळा दिवसांची खेप आणि चार दिवस विसावा, म्हणजे वीस दिवस. पावसाळ्याचे चार महिने समुद्रही बंद आणि घाटही निसरडा, म्हणून हंगाम २४० दिवसांचा. त्यात बारा खेपा बसतात, आणि २४०० गोण्यांना बरोबर दोनशे बैल लागतात. लांबच्या घाटाने खेप बत्तीस दिवसांची होते. हंगामात साडेसातच खेपा, आणि तेच दोनशे बैल १५०० गोण्या पोहोचवतात. नऊशे गोण्या कमी, म्हणजे साठ हजार माणसांपैकी साडेबावीस हजारांचे मीठ आलेच नाही. भाव चढतो तो या तुटीमुळे, आणि तोही लगेच नाही, साठा संपत आल्यावर. हंगामाच्या मध्यात शंभरसव्वाशे सवयीचे बैल विकत मिळत नाहीत, त्यामुळे पैसे ओतून हे लगेच सुटत नाही. खेळाडूंना करण्यासारखे खरे काम येथे तयार होते: दरड काढणे, बैल जमवणे, मिठाचा साठा कोणी दडवला आहे ते शोधणे, किंवा तिसरी वाट धुंडाळणे.

दिनदर्शिका आपलीच घ्यावी. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू खुला होतो, आश्विनात घाट वाळतात आणि तांडे निघतात, आणि मिठागरांवर गवताने शाकारलेल्या ढिगांतले गेल्या उन्हाळ्याचे मीठ आधी उचलले जाते. नवे मीठ उन्हाळ्यात तयार होते. वैशाखात डोंगरावरचे लोक चार महिन्यांची बेगमी करतात, म्हणून तेव्हा भाव चढलेला असतो, आणि भाद्रपदात बंदरातल्या गव्हाच्या कणग्या तळाला लागलेल्या असतात. एकच दरड आश्विनात पडली आणि चैत्रात पडली, तर दोन अगदी वेगळ्या कथा होतात. चैत्रातली दरड बेगमीच्या तोंडावर येते, म्हणून मी ती चैत्रात पाडली.

मिरी आणि जादू

मीठ आणि गहू जड माल आहेत. गव्हाची गोणी २५० तांब्यांची, म्हणजे एकवीस दिवस बैलावर चालली की तिची मजुरी तिच्या किमतीएवढी होते. याहून लांबचा गहू जमिनीवरून कोणी आणत नाही. मोठ्या शहराभोवती एवढ्या अंतराचे एक वर्तुळ काढले, की दुष्काळात त्याला कोण वाचवू शकते आणि कोण नाही, ते दिसते. मिरीची गोणी मात्र पन्नास हजार तांब्यांची असते. तिच्यावर दहा दिवसांचे ११० तांबे चढले काय किंवा पाचशे चढले काय, फरक पडत नाही. मिरी अख्खे खंड ओलांडते. तिचा शत्रू अंतर नसून लुटारू आहे. वीस खेपांतली एक लुटली जाते असे धरले, तर मिरीच्या प्रत्येक गोणीवर अडीच हजार तांब्यांची जोखीम बसते आणि मिठाच्या गोणीवर मिठागराच्या भावाने बारातेरा. म्हणून लुटारू मिठाच्या तांड्याकडे सहसा ढुंकून पाहत नाहीत, आणि मिरीबरोबर पंचवीस भालेकरी चालतात. वाटेवर एक जड आणि एक हलका, किमती माल असला की दोन्ही प्रकारच्या कथा मिळतात. त्याहून अधिक माल सुरुवातीला घेऊ नयेत.

आता जादूची परीक्षा. खेळाडूंपैकी कोणी ना कोणी विचारतोच की जादूगार असताना बैल कशाला. पाचव्या आवृत्तीतल्या 'दूरगमनाचे वर्तुळ' या मंत्राला दर वेळी पन्नास सोन्यांची खास द्रव्ये लागतात आणि ती खर्ची पडतात. त्याने उघडलेले दार लढाईच्या नियमांतल्या जेमतेम एका फेरीपुरते, म्हणजे काही सेकंदच, उघडे राहते. तेवढ्यात दहा हमाल प्रत्येकी पन्नास पौंड घेऊन पार झाले, तर दोन गोण्या गेल्या. पन्नास सोने म्हणजे पाच हजार तांबे, गोणीमागे अडीच हजार. मिठाची गोणी देवनगरातच १२५० ला विकते, तेव्हा मिठासाठी हे वेडेपण ठरेल. मिरीसाठी मात्र अडीच हजार म्हणजे किमतीचा विसावा हिस्सा, लुटीच्या जोखमीएवढाच, आणि जकातही वाचते. नियमांतल्या अथांग झोळीचेही तसेच आहे. तिच्यात पाचशे पौंड मावतात, म्हणजे दोन बैलांचा भार. एका स्वाराकडे ती असली की मिरीच्या दोन गोण्या जकात नाक्यावरून कोणाला न दिसता जातात. मिठासाठी अशा बाराशे झोळ्या-फेऱ्या लागतील.

यातून जो निष्कर्ष निघाला तो मला फार उपयोगी पडला. जादू जड मालाची वाट मारत नाही, हलक्या मालाची मारते. माझ्या जगात हा मंत्र जमणाऱ्या, म्हणजे नववा स्तर गाठलेल्या, जादूगारांची संख्या मी हाताच्या बोटांवर ठेवली. त्यांतल्या एकीने देवनगरातील मिरीच्या पेढीशी करार केला. वर्षभरात घाटातली मिरीची जकात आटली, घाटाच्या सरदाराने तूट भरून काढायला मिठावरची जकात पन्नासवरून शंभर केली, आणि मक्तेदाराचे व सरदाराचे बिनसले. यातले काहीही मी कथानक म्हणून आधी लिहिले नव्हते.

खेळाडूंचे सोने

मोहीम मध्यावर आली की खेळाडूंकडे हजारो सोने असते, आणि इथे बहुतेक जगे कोसळतात. मिठागरावरची वर्षाची २४०० गोणी मीठ, अडीच सोन्याच्या भावाने, सहा हजार सोन्यांत येते. दोनशे बैल तीन हजारांत. म्हणजे नऊ हजार सोने हाती असलेला गट एका देशाचे मीठ उचलू शकतो. आमच्या गटाने हे गणित माझ्याआधी केले.

यावर दोन चुकीचे उपाय आहेत. पहिला म्हणजे रात्रीतून दरोडा घालून त्यांचे पैसे काढून घेणे. दुसरा म्हणजे फासे टाकून "भाव पडला" असे सांगणे. दोन्हींत खेळाडूंना कळते की हिशेब खोटा होता. बरोबर उपाय म्हणजे त्या व्यवहारात आधीपासून कोण कोणाला बांधलेला आहे ते मांडणे. मिठागरवाल्यांनी पावसाळ्यात मक्तेदाराकडून उचल घेतलेली असते, म्हणून त्यांचे मीठ त्यालाच द्यायचे ठरलेले असते. ते खेळाडूंना विकायचे तर आधी उचल फेडली पाहिजे. बैल विकत मिळतात, पण घाट ठाऊक असलेली चाळीस माणसे तांड्याच्या नायकाच्या शब्दाशिवाय येत नाहीत. आणि देवनगरात एकदम शेकडो गोण्या उतरवल्या तर भाव १२५० वर राहत नाही, कारण लोक वर्षाला २४०० च खातात. आमच्या गटाने हे तिन्ही अडथळे मान्य केले आणि नायकाची बहीण सोडवून त्याचा शब्द मिळवला. पहिल्या वर्षी त्यांनी तीनशे गोण्या पोहोचवल्या आणि गोणी नऊशेला विकून साधारण साडेतेराशे सोने सुटले. तो पैसा लुटीतून आलेल्या पैशापेक्षा त्यांना अधिक आपला वाटला, हे त्यांच्या बोलण्यातून दिसत होते.

हिशेब बिघडला आहे हे ओळखण्याच्या दोन खुणा सांगतो. खेळाडू एकच खेप पुन्हापुन्हा करून दर वेळी तेवढाच नफा काढत असतील, तर त्या नफ्याकडे पाहणारा कोणी तुम्ही जगात ठेवलेला नाही. आणि तुम्ही टंचाई जाहीर केल्यावर कोणीही खेळाडू "साठा कोणाकडे आहे" असे विचारत नसेल, तर टंचाई फक्त आकड्यात आहे, बाजारात दिसत नाही. अशा वेळी भाव सांगण्याऐवजी खानावळीतली अळणी आमटी सांगावी आणि मिठाच्या दुकानापुढची रांग दाखवावी.

बैठकींच्या मधले काम

हे सारे सांभाळायला एक पान पुरते. वहीच्या त्या पानावर मी पाच ठिकाणे एका रेषेत काढतो आणि प्रत्येक टप्प्याखाली दिवस आणि गोणीमागचा खर्च लिहितो. दोन्ही टोकांना तिन्ही मालांचा साठा शब्दांत लिहितो: भरपूर, पुरेसा, टंचाई, खडखडाट. पुरेसा असेल तर नेहमीचा भाव, भरपूर असेल तर पाऊणपट, टंचाईत दीडपट, खडखडाटात तिप्पट. खेळातला एक महिना उलटला की प्रत्येक टोकासाठी एकच प्रश्न विचारतो: या महिन्यात ठरल्या खेपा पोहोचल्या का? पोहोचल्या तर साठा आहे तिथेच राहतो, निम्म्याच पोहोचल्या तर एक पायरी खाली जातो, ठरल्याहून जास्त आल्या तर एक पायरी वर. फासे मी फक्त पावसासाठी आणि लुटारूंसाठी टाकतो. बैठकीनंतरचे हे काम वीस मिनिटांत होते. पूर्वी मी संगणकावर चाळीस मालांचा तक्ता ठेवत असे आणि तो अद्ययावत करताना रविवारची रात्र जाई.

खेळाडूंना हे पान दाखवू नये. त्यांना प्रत्येक गावात शिरताना फक्त मिठाचा आणि गव्हाचा त्या दिवसाचा भाव सांगावा, आणि घाटात काल किती बैल चढले ते नाक्यावरच्या कारकुनाच्या तोंडून. आमच्यातल्या आडत्याने चौथ्या बैठकीपासून स्वतःच्या वहीत हे आकडे टिपायला सुरुवात केली. आठव्या बैठकीत त्याने दोन टोकांच्या भावांमधल्या फरकातून वाटेचा खर्च आणि व्यापाऱ्याचा हिस्सा वजा करून मला विचारले, "हे आठशे खातो कोण?" मक्तेदाराचे नाव तोपर्यंत एकदाही मेजावर आले नव्हते.